रिझल्टमध्ये 'मुळे' शिरतं, डिस्कशनमध्ये तक्ताच पुन्हा उगवतो: एका दुखण्याची दोन टोकं

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या फाइलमध्ये लाल शाईचे तेच दोन शेरे असतात. रिझल्टच्या पानावर: "ही चर्चा झाली, इथं नको." डिस्कशनच्या पानावर: "हे तर वर येऊन गेलं, तेच आकडे पुन्हा कशाला?" मग पोरं रात्रभर जागून वरची वाक्यं खाली आणि खालची वर करतात. पुढच्या वेळी शेरे तेच, फक्त पानांची अदलाबदल झालेली.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, घर रंकाळ्याजवळ आहे, आणि ओळखीपाळखीतून कुणी ना कुणी फाइल घेऊन येतंच. यंदा पर्यावरणशास्त्राची एक मुलगी आली. तिची तिसरी फेरी होती. "मॅडम, आता मी काय लिहू तेच कळंना झालंय. काही म्हटलं की म्हणतात चर्चा केलीस, नाही म्हटलं तर म्हणतात नुसते आकडे."

तिची अडचण नीट उलगडता आली, म्हणून तीच इथं सांगते. आकडे मात्र तिचे नाहीत. तोंडी परीक्षा व्हायच्या आधी तिचा डेटा बाहेर जाऊ नये, म्हणून मी सरावासाठी बेतलेले आकडे घेतले आहेत. पंचगंगेचे म्हणून ते कुणी कुठं वापरू नयेत.

अभ्यास काय होता

नदीवर तीन ठिकाणं. पहिलं, शहराचं सांडपाणी आणणारा ओढा नदीला मिळतो त्याच्या वर. दुसरं, त्या संगमाच्या खाली, बंधाऱ्याने अडवलेल्या संथ पाण्यात. तिसरं, बंधाऱ्याच्या खाली, जिथं पाणी बरग्यांवरून पडून पुढं वाहतं. आपल्याकडच्या मुलांना हे चित्र सांगावं लागत नाही. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे घालतात आणि मागं पाणी तुंबतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. नमुने दोनदा घेतले, डिसेंबरमध्ये आणि एप्रिलमध्ये. मोजलं काय, तर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, ज्याला सगळे डीओ म्हणतात, आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो ते. आपल्याकडच्या प्रमाणित पद्धतीनुसार बीओडीची बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात.

| ठिकाण | डीओ, डिसेंबर | डीओ, एप्रिल | बीओडी, डिसेंबर | बीओडी, एप्रिल |
|---|---|---|---|---|
| १. ओढ्याच्या वर | ७.४ | ६.६ | २.१ | २.६ |
| २. संगमाच्या खाली | ४.९ | ३.१ | ६.० | ९.२ |
| ३. बंधाऱ्याच्या खाली | ६.५ | ५.८ | ४.८ | ७.५ |

सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर. पाण्याचं तापमान डिसेंबरमध्ये २२ अंश सेल्सिअस, एप्रिलमध्ये २८.

पहिल्या फेरीत तिने रिझल्टमध्ये लिहिलं होतं: "ओढ्यातील सांडपाण्यामुळे संगमाखाली डीओ तब्बल ४.९ पर्यंत घसरला व उन्हाळ्यात तो अवघा ३.१ उरला. यावरून नदी गंभीररीत्या प्रदूषित झाल्याचे स्पष्ट होते. बंधाऱ्यानंतर मात्र नदीने स्वतःला शुद्ध केले."

शेरा आला. दुसऱ्या फेरीत तिने सगळं पुसलं आणि लिहिलं: "डिसेंबरमध्ये ठिकाण १ येथे डीओ ७.४, ठिकाण २ येथे ४.९ व ठिकाण ३ येथे ६.५ होता. एप्रिलमध्ये ठिकाण १ येथे ६.६..." असं पुढं पान संपेपर्यंत. यावर शेरा आला नाही, म्हणून तिला वाटलं की रिझल्ट झाला.

डिस्कशन मात्र असं होतं: "प्रस्तुत अभ्यासात ठिकाण १ येथे डीओ ७.४ तर ठिकाण २ येथे ४.९ आढळला. यावरून संगमाखाली डीओ कमी असल्याचे दिसून येते. इतर संशोधकांनाही असेच आढळले आहे."

दुखतंय एकीकडे, बिघाड दुसरीकडे

तिला वाटत होतं की रिझल्ट ठीक झालाय आणि आता फक्त डिस्कशन दुरुस्त करायचं. माझ्या मते बिघाड त्या "ठीक झालेल्या" रिझल्टमध्येच होता.

पाहा, दुसऱ्या खर्ड्यात तक्ता शब्दांत उतरवला आहे, पण तक्त्यात काय दिसतं हे कुठंच म्हटलेलं नाही. संगमाखाली दोन्ही वेळा डीओ सगळ्यांत कमी आहे, हे वाक्य रिझल्टमध्ये नाही. ते कधीतरी म्हणावं लागणारच, म्हणून ते डिस्कशनमध्ये आलं. ते म्हणायचं तर पुरावा हवा, म्हणून आकडेही त्याच्यामागून आले. म्हणजे डिस्कशनमधली पुनरावृत्ती ही रिझल्टमध्ये न झालेल्या कामाची भरपाई आहे. डिस्कशनमधून आकडे कितीही खोडा, जोवर नमुना कुठं सांगितलेला नाही तोवर ते परत येणार.

या भीतीचं मूळ एका गैरसमजात आहे. मुलांना वाटतं, आकडा म्हणजे निरीक्षण आणि शब्द म्हणजे अर्थ लावणं. तसं नसतं. "तिन्ही ठिकाणांपैकी संगमाखाली डीओ दोन्ही वेळा सर्वांत कमी होता" यात एकही आकडा नाही, तरी ते शुद्ध निरीक्षण आहे. उलट "डीओ अवघा ३.१ उरला" यात आकडा आहे, तरी ते मत आहे. अवघा कुणाच्या दृष्टीनं? माशाच्या, महापालिकेच्या की तुझ्या?

(एक गोष्ट मध्येच सांगते. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांची अडचण आणखी वाढते, कारण आपण 'निष्कर्ष' हा एकच शब्द रिझल्टसाठीही वापरतो आणि शेवटच्या कन्क्लुजनसाठीही. प्रकरणाचं नावच "निष्कर्ष" असेल तर पोर तिथं निष्कर्ष काढणारच, त्यात तिचा काय दोष? मी "निरीक्षणे" असं नाव सुचवते. विभागाचा ठरलेला साचा असेल तर नाव तेच ठेवावं लागतं, पण मग लिहिणाऱ्याने मनात तरी फरक ठेवावा.)

पाहुण्याची कसोटी

वाक्य कुठल्या खोलीतलं, हे ठरवायला मी एकच गोष्ट विचारते. नागपूरहून एक पाहुणा आलाय असं समज. शिकलेला आहे, तक्ता वाचता येतो, पण त्याने ही नदी पाहिलेली नाही आणि पाण्याच्या रसायनाशी त्याचा संबंध नाही. त्याच्या हातात तुझा तक्ता आणि तुझं पद्धतीचं प्रकरण एवढंच दे. आता तुझं वाक्य वाच. एवढ्यावरून त्याला "बरोबर" किंवा "चूक" म्हणता येतं का? येत असेल तर वाक्य रिझल्टचं. त्याला तक्त्याबाहेरचं काही लागत असेल, नदीची माहिती, रसायनाचं ज्ञान, दुसऱ्या कुणाचा अभ्यास, तर ते डिस्कशनचं.

पहिल्या खर्ड्यातलं "सांडपाण्यामुळे" घ्या. संगमाखाली डीओ कमी आहे, हे पाहुणा तपासू शकतो. सांडपाण्यामुळे कमी आहे, हे तपासायला त्याला ओढ्यात काय वाहतं आणि घाण कुजताना ऑक्सिजन खर्च होतो हे माहीत हवं. तक्त्यात ते नाही. म्हणून वाक्य मधोमध कापायचं. पहिला अर्धा भाग रिझल्टमध्ये राहतो, "मुळे" डिस्कशनमध्ये जातं. अख्खं वाक्य उचलून नेलं की आकडेही त्याच्याबरोबर जातात आणि पुनरावृत्ती तिथूनच सुरू होते. मुलं नेमकं हेच करतात.

"नदीने स्वतःला शुद्ध केले" हे वाक्य त्याहून गमतीचं. पाहुण्याने बीओडीचा रकाना पाहिला तर तो म्हणेल, शुद्ध कुठं झाली? ४.८ आणि ७.५ आहे की. म्हणजे हे वाक्य अर्थ लावणारं आहेच, शिवाय तिच्याच तक्त्याशी भांडतं आहे. त्यावर पुढं येते.

मराठीत अर्थ कुठून आत शिरतो

मुलं 'कारण', 'म्हणून', 'यावरून स्पष्ट होते' एवढेच शब्द शोधून खोडतात. ते तर दारातून आत येणारे. खिडकीतून शिरणारे वेगळे असतात.

पहिले, क्रियापद. "ठिकाण २ ला डीओ कमी झाला" आणि "ठिकाण २ ला डीओ कमी होता" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिने एकाच सकाळी तीन जागचं पाणी घेतलं. तेच पाणी खाली वाहत जाताना तिने मागं लागून मोजलं नव्हतं. मग 'झाला', 'घसरला', 'खालावला', 'सुधारला' कशावरून? ही सगळी क्रियापदं बदल घडताना पाहिल्याचं सांगतात. तिने पाहिला तो दोन जागांमधला फरक. रिझल्टमध्ये 'होता'च लिहायचं. 'झाला' म्हणायचा हक्क डिस्कशनमध्ये युक्तिवाद करून कमवायचा.

दुसरे, ते बारके शब्द: तब्बल, अवघे, केवळ, जेमतेम, चक्क, आणि शब्दाला चिकटणारा 'च'. बोलताना आपण ते मिठासारखे घालतो, त्यामुळे लिहिताना दिसत नाहीत. 'लक्षणीय' हा त्यांच्यातला सगळ्यांत धोक्याचा. संख्याशास्त्राची चाचणी केली असेल तरच तो रिझल्टमध्ये यावा आणि चाचणीच्या आकड्यासकट यावा. या मुलीकडे प्रत्येक ठिकाणचा दर वेळी एकेकच नमुना होता. चाचणी करायला काही नव्हतंच. तरी 'लक्षणीय' चार वेळा होतं.

तिसरी, ठिकाणांची नावं. तिच्या मूळ तक्त्यात ठिकाण २ चं नाव "प्रदूषित ठिकाण" आणि ठिकाण १ चं "स्वच्छ ठिकाण" होतं. जे सिद्ध करायचं तेच नाव म्हणून ठेवलं की पुढं सिद्ध करायला काय उरलं? नाव जागेवरून द्यावं, गुणावरून नाही.

रिझल्ट पुन्हा लिहिला

तिला म्हटलं, आता पान बाजूला ठेव, तक्त्याकडे बघ आणि पाहुण्याला तीन गोष्टी सांग. तिने सांगितलं ते हे:

"दोन्ही फेऱ्यांत विरघळलेला ऑक्सिजन संगमाच्या खाली सर्वांत कमी व ओढ्याच्या वर सर्वांत जास्त होता, बंधाऱ्याखालचे मूल्य या दोहोंच्या मध्ये होते (तक्ता १). तिन्ही ठिकाणी एप्रिलमधील मूल्य डिसेंबरपेक्षा कमी होते. हा फरक ओढ्याच्या वर ०.८, बंधाऱ्याखाली ०.७, तर संगमाखाली १.८ मिलिग्रॅम प्रति लिटर होता. बीओडी संगमाखाली सर्वांत जास्त होता. बंधाऱ्याखाली तो त्यापेक्षा कमी, परंतु ओढ्याच्या वरच्या मूल्याच्या दुपटीहून अधिक होता."

बारा आकड्यांच्या तक्त्यातला एकही आकडा यात जसाच्या तसा नाही. वाचकाला तक्ता दिसतोच आहे, तो पुन्हा वाचून दाखवायचा नाही. त्यातून वजाबाकी करून, क्रम लावून जे दिसतं ते सांगायचं. आणि तरी एकही वाक्य असं नाही की पाहुणा अडेल. 'परंतु' हा शब्द मी थोडा वेळ न्याहाळला. तो अपेक्षाभंग सुचवतो. पण इथं तो दोन तथ्यांना जोडतो, म्हणून राहू दिला. अगदी सोवळं पाळायचं तर 'आणि' घाला.

आणि डिस्कशन रिकामं पडलं

रिझल्ट नीट झाल्यावर डिस्कशनमधलं जुनं सगळं गळून गेलं, कारण ते सगळं वर येऊन गेलं होतं. ती म्हणाली, "मग आता तिथं काय घालू?"

आता इथं नुसतं लेखन दुरुस्त करून भागत नाही. सांगायला काही नसतं तेव्हा आकडे परत येतात. म्हणून तिला म्हटलं, तुझ्या रिझल्टमध्ये असं काय आहे जे पाहून तुला प्रश्न पडतो? तिने उत्तर दिलं नाही. मग मीच विचारलं, एप्रिलमध्ये ओढ्याच्या वरसुद्धा डीओ ०.८ ने कमी आहे. तिथं तर ओढ्याचं पाणी पोचत नाही. मग का?

"उन्हाळा," ती म्हणाली. "गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो."

बरोबर. पण किती कमी? याचं उत्तर पुस्तकात आहे. समुद्रसपाटीला २२ अंशांवर गोडं पाणी लिटरमागे ८.७ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन धरू शकतं, २८ अंशांवर ७.८. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, इथं हवेचा दाब कमी असतो, म्हणून हे आकडे सहा-साडेसहा टक्क्यांनी खाली येतात: अंदाजे ८.२ आणि ७.३. याला संपृक्तता म्हणतात, पाण्याची पोटभर मर्यादा म्हणा ना. आता प्रत्येक डीओ त्या दिवशीच्या मर्यादेच्या किती टक्के आहे ते काढ.

तिने मोबाइलवर भागाकार केले. ओढ्याच्या वर डिसेंबरमध्ये ९० टक्के, एप्रिलमध्ये ९० टक्के. बंधाऱ्याखाली ७९ आणि ७९. संगमाखाली ६० आणि ४२.

ती कागदाकडे बघतच राहिली. इतके दिवस ज्या तक्त्यावर ती बसून होती त्यातच हे होतं. वर आणि बंधाऱ्याखाली उन्हाळ्यातली घट जवळजवळ सगळी तापमानाने समजावता येते. संगमाखाली मात्र येत नाही. तिथं तापमानापलीकडे आणखी काहीतरी आहे. आता डिस्कशनला विषय मिळाला.

मग लगेच प्रश्न आला: हे टक्के लिहायचे कुठं? तिने ते डिस्कशनमध्ये घातले आणि मी हात धरला. डिस्कशनमध्ये नवा मोजलेला किंवा काढलेला रकाना उपटायचा नाही. वाचकाला तो तपासता आला पाहिजे. म्हणून सूत्र आणि उंचीची दुरुस्ती पद्धतीच्या प्रकरणात गेली, टक्के तक्त्यात नवा रकाना म्हणून गेले आणि रिझल्टमध्ये एक वाक्य वाढलं: "संपृक्ततेच्या प्रमाणात पाहता ओढ्याच्या वर व बंधाऱ्याखाली दोन्ही फेऱ्यांतील मूल्ये जवळजवळ समान होती, संगमाखाली एप्रिलमधील मूल्य कमी होते." पाहुणा खूश. त्याला हे का झालं ते माहीत नाही आणि रिझल्टमध्ये माहीत असायची गरजही नाही. वाटेत एखादी साधी वजाबाकी डिस्कशनमध्ये केली तर आभाळ कोसळत नाही, पण ज्यावर सगळा युक्तिवाद उभा आहे ती संख्या रिझल्टमध्येच हवी.

डिस्कशनमधला आकडा मजूर असतो

आकडे डिस्कशनमध्ये येऊच नयेत, असं नाही. फक्त तो तिथं कामाला आलेला असला पाहिजे, वाक्याचा कर्ता म्हणून मिरवायला नव्हे. तिचा नवा परिच्छेद:

"एप्रिलमध्ये नदीतील ऑक्सिजन सर्वत्र कमी असला तरी त्यामागचे कारण सर्वत्र एक नसावे. ओढ्याच्या वर व बंधाऱ्याखाली संपृक्ततेचे प्रमाण बदलले नाही, म्हणजे तेथील फरक पाणी तापल्याने समजावता येतो. संगमाखाली हे प्रमाण ६० वरून ४२ टक्क्यांवर आलेले दिसते व त्याच वेळी बीओडीही वाढलेला आहे. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह कमी असताना ओढ्याचे पाणी कमी प्रमाणात विरळ होते, तसेच बंधाऱ्यामागील संथ पाण्यात हवेतून ऑक्सिजन हळू मिसळतो. या दोन्ही गोष्टींचा यात वाटा असू शकतो. प्रवाह मोजलेला नसल्याने त्यांतील कोणती अधिक महत्त्वाची, हे या अभ्यासातून सांगता येत नाही."

सहा वाक्यांत तक्त्यातले दोनच आकडे आले आणि दोन्ही एका दाव्याला टेकू देतात. शेवटचं वाक्य तिला काढायचं होतं, "कमीपणा वाटतो" म्हणून. मी काढू दिलं नाही. 'असू शकतो' म्हटलं की ते का निश्चित नाही हेही म्हणावं, नाहीतर परीक्षक विचारतोच.

दुसरा परिच्छेद बंधाऱ्यावरचा. "नदीने स्वतःला शुद्ध केले" याची खरी जागा इथं होती, पण उलट्या बाजूने. बरग्यांवरून पडताना पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे डीओ वर येतो. पण घाण त्याने जात नाही. ती कुजायला वेळ लागतो आणि बीओडी नेमकं तेच सांगतो. म्हणून बंधाऱ्याखाली फक्त डीओ मोजणाऱ्याला नदी बरी झाल्यासारखी वाटेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात सामूहिक स्नानायोग्य पाण्याला डीओ ५ किंवा जास्त आणि बीओडी ३ किंवा कमी लागतो. सरावाच्या तक्त्यातलं तिसरं ठिकाण पहिली अट दोन्ही वेळा पाळतं आणि दुसरी दोन्ही वेळा मोडतं. डिस्कशनमध्ये सांगण्यासारखं, एवढ्या छोट्या अभ्यासातून निघालेलं हे सगळ्यांत नेटकं वाक्य असेल, असं मला वाटतं.

निकषाची तुलना रिझल्टमध्ये की डिस्कशनमध्ये, यावर विभागाविभागांत वाद असतो. माझा हिशोब पाहुण्याचाच. पद्धतीच्या प्रकरणात "मूल्ये या निकषाशी ताडली" असं आधी सांगितलं असेल, तर निकष पाहुण्याच्या हातात आहे. मग कुठलं ठिकाण त्यात बसतं आणि कुठलं नाही, हे रिझल्टमध्ये चालतं. आधी सांगितलेलं नसेल तर डिस्कशनमध्ये. बसत नाही याचा अर्थ काय, हे मात्र कधीही डिस्कशनमध्येच.

झालं की नाही, कसं ओळखायचं

डिस्कशनच्या छापील पानावर सगळे आकडे पेन्सिलने झाका आणि मोठ्याने वाचा. आकड्यांशिवाय वाक्य काहीतरी सांगत असेल, कारण, शंका, तुलना, मर्यादा, तर ते राहू दे. आकडा झाकल्यावर "ठिकाण १ येथे डीओ — आढळला" एवढंच उरत असेल तर ते वाक्य रिझल्टचं भूत आहे. तिच्या जुन्या डिस्कशनच्या दीड पानात ही कसोटी पार करणारं एकच वाक्य निघालं आणि तेही "इतर संशोधकांनाही असेच आढळले" हे. त्याचंही तसं खरं नव्हतं. 'असेच' म्हणजे काय? त्यांचे नमुने कुठल्या महिन्यातले, बीओडी २७ अंशांवर तीन दिवस की २० अंशांवर पाच दिवस, बंधारा होता का? हे सांगितल्याशिवाय 'असेच' हा शब्द नुसती मान डोलावतो.

रिझल्टसाठी उलटी कसोटी. तक्ता झाकून नुसता मजकूर वाचा. तक्ता डोळ्यांपुढं उभा राहत नाही, पण त्यातलं चित्र कळतं, तर मजकूर जमला. अख्खा तक्ता पुन्हा मांडता येत असेल तर मजकूर आणि तक्ता यांपैकी एक जास्तीचा आहे.

हे सगळं रिझल्ट आणि डिस्कशन वेगळे असतील तेव्हाचं. काही नियतकालिकं दोन्ही एकत्र मागतात. तिथं वेगळी प्रकरणं नसतात, पण परिच्छेदाच्या आत क्रम तोच ठेवावा: आधी पाहुण्याला कळेल ते, मग 'मुळे'. मुलाखती, गावातली निरीक्षणं अशा अभ्यासात तर मांडतानाच अर्थ लागत जातो. तिथं ही कसोटी एवढी कडक लावू नये, वाक्यांचा जीव जातो.

चौथ्या फेरीला दोन्ही जुने शेरे नव्हते. एकच नवा होता, डिस्कशनच्या समासात, लाल शाईत: "नमुने किती वाजता घेतले?" प्रश्न रास्त होता. उजेड वाढेल तसं पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडतं, म्हणून सकाळी सातचा आणि अकराचा डीओ एकमेकांशी ताडता येत नाही. तिने वही उघडली. दोन्ही दिवशी सुरुवात सातला, ठिकाण १ पासून, आणि ठिकाण ३ ला पोचायला साडेआठ. म्हणजे डिसेंबर-एप्रिलची तुलना टिकली. पण बंधाऱ्याखालचा नमुना दोन्ही वेळा दीड तास उशिराचा होता, तेव्हा तिथल्या वाढलेल्या डीओत थोडा वाटा उन्हाचाही असू शकतो. वेळ पद्धतीच्या प्रकरणात गेली, हे शेवटचं वाक्य बंधाऱ्याच्या परिच्छेदात, आणि ती फाइल घेऊन बाइंडिंगवाल्याकडे गेली.